त्या बल्बच्या गणिताचं उत्तर ९/१० नाही, १७/२४ आहे: चूक कुठे झाली आणि ती कशी तपासायची

सायली, ओंकार, सगळेच,

शनिवारी अभ्यासिकेतून निघताना आपण चौघांनी ज्या उत्तराखाली दोन रेघा मारल्या, ते उत्तर चुकलंय. ९/१० नाही, १७/२४. काल रात्री मी ते वेगवेगळ्या रीतींनी करून पाहिलं आणि दर वेळी १७/२४ च आलं. नुसतं बरोबर उत्तर पाठवलं असतं तर तुम्ही वहीत बदल करून पुढे गेला असतात. पण चूक आकडेमोडीत नाही, रीतीत आहे, आणि त्याच रीतीने आपण आणखी दोन गणितं सोडवून ठेवली आहेत. म्हणून सविस्तर लिहितेय. वही-पेन घेऊन बसा आणि वाचता वाचता सोबत करत जा, नाहीतर मध्येच सुटेल.

गणित पुन्हा लिहिते. खोक्यात १० बल्ब आहेत, त्यांतले ३ खराब आहेत. न बघता ३ बल्ब काढले. त्यांत किमान एक खराब असण्याची संभाव्यता किती? पर्याय होते ९/१०, १७/२४, ७/२४ आणि २१/४०.

आपण फळ्यावर असं मांडलं होतं: किमान एक खराब हवा ना, मग आधी ३ खराबांतून एक उचलू, त्याच्या ३ रीती. अट तर पूर्ण झाली, आता उरलेल्या ९ मधून कुठलेही २ घेऊ, त्याच्या C(९, २) = ३६ रीती. म्हणून ३ × ३६ = १०८. एकूण रीती C(१०, ३) = १२०. म्हणून १०८/१२० = ९/१०. पर्यायांत ९/१० होतं, उत्तर एकपेक्षा कमी होतं, आणि चौघांचं एकच आलं होतं. शंका घ्यायला जागाच उरली नाही.

पण चौघांचं एकच येणं हा पुरावा नव्हता. ओंकारने फळ्यावर पहिली ओळ लिहिली आणि आपण तिघांनी तीच पुढे नेली. एकाच वाटेने चौघे गेले तर चौघे एकाच ठिकाणी पोचणार. दुसऱ्या वाटेने कुणी गेलंच नव्हतं.

शंका कुठून आली

माझे बाबा लोहार चाळीत दिव्यांच्या दुकानात आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. रविवारी जेवताना मी त्यांना हे गणित सांगितलं, ते बल्बचं होतं म्हणून. त्यांनी आधी विचारलं, दहात तीन खराब असलेला माल घेतला कुणी? मग म्हणाले, "समजा आलाच असा माल आणि आम्ही न तपासता तीन-तीन बल्ब गिऱ्हाइकांना दिले. दहातली नऊ गिऱ्हाइकं भांडायला येतील? नाही येणार गं. कधी दोन खराब बल्ब एकाच्याच पिशवीत जातील, कधी तिन्ही. माणूस भांडायला एकदाच येतो."

तेव्हा मला नीट कळलं नाही. भांडी घासताना ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं आणि मग एकदम लक्षात आलं की आपण खराब बल्ब मोजलेत, भांडायला येणारी गिऱ्हाइकं नाही. हे पुढे आकड्यांत दाखवते. आधी रीत चुकली आहे हे पक्कं करू.

पहिली पायरी: गणित एवढं लहान करा की बोटांवर मोजता येईल

ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे आणि आपण ती केली असती तर तिथल्या तिथे सापडलो असतो. रीत तीच ठेवायची, आकडे लहान घ्यायचे.

फक्त ३ बल्ब घेऊ: क, ख आणि ग. क आणि ख खराब, ग चांगला. २ काढायचे. किमान एक खराब येण्याच्या रीती किती?

आपल्या रीतीने करू. २ खराबांतून एक उचला, २ रीती. उरलेल्या २ मधून कुठलाही एक घ्या, २ रीती. २ × २ = ४.

आता जोड्या लिहून काढा: कख, कग, खग. संपल्या. एकूणच तीन जोड्या आहेत, मग अट पाळणाऱ्या चार कुठून येतील?

चौथी कुठली ते शोधायला आपल्या रीतीने प्रत्यक्ष उचलून बघा. आधी क उचलला, सोबत ख किंवा ग: कख, कग. आधी ख उचलला, सोबत क किंवा ग: खक, खग. कख आणि खक. हातात तेच दोन बल्ब आहेत, पण आपण ते दोनदा लिहिले. इथेच आपली चूक उघडी पडते. "आधी उचललेला" आणि "नंतर उचललेला" असा भेद आपण मनातल्या मनात केला. खोक्यातून एकदम काढलेल्या बल्बांमध्ये असा काही भेद नसतो.

लहान गणित निवडताना एक सांभाळा. मी आधी ३ बल्बांत १ च खराब घेऊन पाहिलं होतं. तिथे आपली रीत १ × २ = २ देते, आणि खरोखर दोनच जोड्या येतात. म्हणजे चुकीची रीत सुखरूप सुटली! कारण एकच खराब असेल तर दोनदा मोजायला दुसरा खराब बल्बच नसतो. म्हणून लहान उदाहरणात "किमान एक"ची अट एकापेक्षा जास्त वेळा पूर्ण होऊ शकेल असे आकडे हवेत, म्हणजे निदान दोन खराब आणि निदान दोन काढायचे.

दुसरी पायरी: मूळ गणितातला एक आकडा ताणून बघा

लहान उदाहरण सुचलं नाही तर हे करा. आपल्या गणितात ३ च्या जागी ४ बल्ब खराब आहेत असं धरा, बाकी काही बदलू नका. आपली रीत म्हणते ४ × ३६ = १४४. एकूण रीती १२० च. संभाव्यता १४४/१२०, म्हणजे १.२.

एकपेक्षा जास्त संभाव्यता असूच शकत नाही. म्हणजे ४ खराब बल्बांना ही रीत उघड चुकीची आहे. मग ३ बल्बांना ती बरोबर कशी असेल? तिच्यात ४ ला काही वेगळं घडत नाही, तीच पायरी तशीच केली जाते. ३ ला उत्तर एकच्या आत पडलं म्हणून आपल्याला दिसलं नाही, एवढंच. "उत्तर एकपेक्षा कमी आहे ना" एवढ्यावर मी समाधान मानलं होतं, पण ती तपासणी उत्तराची झाली. रीत तपासायची तर आकडा ताणायला हवा.

तिसरी पायरी: एकच निवड धरा आणि ती किती वेळा मोजली गेली ते मोजा

आता मूळ गणितावर या. खराब बल्ब क, ख, ग. चांगले बल्ब च, छ, ज, झ, ट, ठ, ड. सात झाले.

एक निवड घ्या: क, च, छ. यात एकच खराब आहे. आपल्या रीतीत ही कशी येते? आधी क, मग उरलेल्यांतून च आणि छ. दुसरी वाट नाही, कारण पहिला उचललेला खराबच असावा लागतो. म्हणजे एकदाच मोजली. ठीक.

दुसरी घ्या: क, ख, च. हिला दोन वाटा आहेत. आधी क आणि मग ख-च, किंवा आधी ख आणि मग क-च. दोनदा मोजली.

तिसरी: क, ख, ग. आधी क, किंवा आधी ख, किंवा आधी ग. तीनदा मोजली.

म्हणजे निवडीत जितके खराब बल्ब तितक्या वेळा आपण ती मोजली. हे वाक्य वहीत लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

चौथी पायरी: दोन वेगळ्या वाटांनी बरोबर उत्तर काढा

एक वाट उलट बाजूने. "किमान एक खराब"च्या उलट म्हणजे "एकही खराब नाही". म्हणजे तिन्ही बल्ब ७ चांगल्यांतून: C(७, ३) = ३५. म्हणून अट पाळणाऱ्या रीती १२० − ३५ = ८५. संभाव्यता ८५/१२० = १७/२४.

इथे घसरण्याची एक जागा आहे. "किमान एक खराब"ची उलट बाजू "किमान एक चांगला" नव्हे, आणि "तिन्ही खराब" हीसुद्धा नव्हे. शंका आली तर स्वतःला विचारा: पहिली गोष्ट खोटी ठरायला नेमकं काय घडावं लागेल? एकही खराब न निघणं, एवढंच. आणि ३५/१२० = ७/२४ हाही पर्यायांत आहे हे बघा. जो वजा करायला विसरेल त्याच्यासाठी तो ठेवलाय.

दुसरी वाट सरळ, फोड करून. नेमका एक खराब: ३ खराबांतून १ आणि ७ चांगल्यांतून २, म्हणजे ३ × २१ = ६३. नेमके दोन खराब: C(३, २) × ७ = ३ × ७ = २१. तिन्ही खराब: १. बेरीज ६३ + २१ + १ = ८५.

इथे "नेमका" या शब्दामुळे सगळं सुरळीत होतं. पहिल्या फोडीत उरलेले दोन आपण ९ मधून नाही, ७ चांगल्यांतूनच घेतले, म्हणून दुसरा खराब चोरून आत येत नाही. ज्या निवडीत एक खराब आहे ती दोन खराबांच्या गटात असू शकत नाही, म्हणून बेरीज करताना काही दोनदा येत नाही. चौथा पर्याय २१/४० कुठून आला तेही आता दिसेल: ६३/१२०. "किमान एक" वाचून "नेमका एक" सोडवला की ते उत्तर येतं.

ज्यांना बल्ब एकामागून एक काढल्यासारखा विचार सोपा जातो त्यांच्यासाठी: पहिला चांगला ७/१०, दुसरा चांगला ६/९, तिसरा चांगला ५/८. गुणाकार २१०/७२० = ७/२४. एकातून वजा केलं की १७/२४. ओंकार, शनिवारी फळ्यावर ती पहिली ओळ लिहिण्याआधी तू असंच सुरू करणार होतास आणि आम्ही तुला थांबवलं. तुझी सुरुवात बरोबर होती.

पाचवी पायरी: फरकाचा हिशेब लागला पाहिजे

बरोबर उत्तर मिळालं की आपण थांबतो. मला वाटतं इथे थांबू नये. आपलं १०८ आणि खरे ८५, यात २३ चा फरक आहे. हे २३ नेमके कुठून आले ते सांगता आलं, तरच चूक सापडली म्हणायचं. बाबांच्या दुकानात रात्री गल्ला मोजताना रक्कम जास्त भरली तरी ती कुणाची हे सापडेपर्यंत शटर खाली येत नाही. तसंच.

तिसऱ्या पायरीतलं वाक्य काढा. एक खराब असलेल्या ६३ निवडी एकदाच मोजल्या, तिथे जास्तीचं काही नाही. दोन खराब असलेल्या २१ निवडी दोनदा मोजल्या, म्हणजे प्रत्येकीमागे एक जास्त: २१. तिन्ही खराब असलेली १ निवड तीनदा मोजली, म्हणजे दोन जास्त: २. एकूण २१ + २ = २३. हिशेब लागला.

कुणाला आपली जुनी रीत सोडवतच नसेल तर तीही दुरुस्त करता येते. १०८ मधून दोन खराब धरून केलेली मोजणी वजा करा: खराबांच्या ३ जोड्या, प्रत्येकीसोबत उरलेल्या ८ मधून कुठलाही एक, म्हणजे २४. १०८ − २४ = ८४. पण या वजाबाकीत तिन्ही खराबवाली निवड आधी तीनदा मिळवली होती ती तीनदा गेली, म्हणजे पार नाहीशी झाली. म्हणून १ परत मिळवा: ८५. हे बरोबर आहे, पण परीक्षेत मी असं करणार नाही. मिळवा-वजा करा-मिळवा यात कुठेतरी चूक होतेच, आणि उलट बाजूने दोन ओळींत काम होतं.

मग १०८ म्हणजे होतं तरी काय?

मला स्वतःला सगळ्यात आवडलेला भाग हा आहे. आपलं ९/१० निरर्थक नाही. ते एका वेगळ्याच प्रश्नाचं अगदी बरोबर उत्तर आहे.

बाबांच्या गिऱ्हाइकांकडे या. समजा १२० गिऱ्हाइकं आली आणि १२० निवडींतली एकेक निवड प्रत्येकाला मिळाली, एकही निवड पुन्हा नाही. भांडायला किती येतील? ज्यांच्या पिशवीत किमान एक खराब आहे ते, म्हणजे ८५. आणि ते सगळे मिळून काउंटरवर किती खराब बल्ब आणून ठेवतील? ६३ जण एकेक, म्हणजे ६३. २१ जण दोन-दोन, म्हणजे ४२. एकजण तीन. ६३ + ४२ + ३ = १०८.

आपले १०८ ते हेच. आपण परत आलेले बल्ब मोजले आणि त्यांना तक्रारी म्हटलं. १०८/१२० = ०.९ म्हणजे एका पिशवीत सरासरी किती खराब बल्ब असतात ते. हे वेगळं पडताळता येतं: दहात ३ खराब म्हणजे एका बल्बामागे ०.३, आणि तीन बल्बांमागे ०.९. सरासरी एकपेक्षा जास्त असायला काही हरकत नाही, म्हणूनच ४ खराब बल्बांना १.२ आलं. सरासरी म्हणून ते बरोबर आहे, संभाव्यता म्हणून अशक्य.

हीच चूक लुडो खेळताना आपण सगळे करतो. सहा पडायची संभाव्यता १/६, मग सहा वेळा टाकलं तर ६ × १/६ = १, म्हणजे एकदा तरी पडणारच? सोंगटी घरात अडकून सहासाठी पंधरा-पंधरा वेळा फासा टाकलेल्या कुणालाही विचारा. सहा टाकांत सरासरी एकदा सहा पडतो, हे खरं. पण कधी दोनदा, कधी तीनदा पडतो, आणि त्याची भरपाई म्हणून कधी एकदाही पडत नाही. किमान एकदा पडण्याची संभाव्यता उलट बाजूने काढा: १ − (५/६)⁶, म्हणजे सुमारे ०.६६५. बेरीज करून आलेल्या १ पासून किती लांब आहे बघा. २९ जुलै १६५४ च्या पत्रात पास्कल या फ्रेंच गणितज्ञाने फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला चार टाकांत सहा पाडण्याचा विषय लिहिला आहे, तिथे प्रमाण ६७१ ला ६२५ असं दिलंय. ते ६२५ म्हणजे ५ × ५ × ५ × ५, एकदाही सहा न पडण्याच्या रीती. तीच उलट बाजू.

चिठ्ठ्यांनी करून पाहिलं

कागदावर पटलं तरी मला हाताने करून बघायचं होतं. जुन्या वहीच्या पानाच्या दहा सारख्या चिठ्ठ्या केल्या, तिघींवर फुली मारली, सगळ्या एकाच तऱ्हेने दोनदा घडी घातल्या आणि स्टीलच्या डब्यात टाकल्या. डबा झाकण लावून हलवायचा, न बघता तीन काढायच्या, फुल्या मोजून लिहायच्या, परत टाकायच्या. असं ६० वेळा केलं. पहिल्या दहा-बारा वेळांनंतर फुलीच्या चिठ्ठ्या बोटांना जाडसर लागायला लागल्या, कारण स्केचपेनने फुली मारताना कागद ओला होऊन फुगला होता. ते सगळं फेकून पेन्सिलीने नव्या चिठ्ठ्या केल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं.

६० पैकी १६ वेळा एकही फुली नाही, ३४ वेळा एक, ९ वेळा दोन, एकदा तिन्ही. म्हणजे किमान एक फुली ४४ वेळा. १७/२४ प्रमाणे सुमारे ४२ ते ४३ यायला हवी होती, ९/१० प्रमाणे ५४. आणि एकूण फुल्या मोजल्या: ३४ + १८ + ३ = ५५. बघा, ५४ च्या जवळ काय आलं!

याची मर्यादाही सांगते. ६० वेळांत तीन-चारचा फरक सहज पडतो. त्यामुळे चिठ्ठ्यांनी ९/१० आणि १७/२४ मधलं कुठलं हे ठरतं, पण उत्तर १७/२४ की ७/१० हे कधीच ठरणार नाही. दोन उत्तरं एकमेकांपासून लांब असतील तेव्हाच चिठ्ठ्यांचा उपयोग.

ज्याच्याकडे कॉम्प्युटर आहे त्याने चिठ्ठ्यांऐवजी हे चालवावं. बल्बांना ० ते ९ असे नंबर दिलेत, त्यांतले ०, १, २ खराब. हे अंदाज करत नाही, सगळ्या १२० निवडी एकेक करून मोजतं.

```python
from itertools import combinations
n = list(combinations(range(10), 3))
bad = [sum(x < 3 for x in s) for s in n]
print(len(n), sum(b >= 1 for b in bad), sum(bad))
```

उत्तर `120 85 108` असं येतं. एकूण निवडी, तक्रारी, परत आलेले बल्ब.

आपली रीत कधी चालते

"आधी एक उचलू" हे नेहमीच चुकीचं असतं असं समजू नका, नाहीतर जिथे ते हवं तिथेही सोडून द्याल. गणितातच जागा वेगळ्या असतील तर ते चालतं. समजा ३ मुली आणि ७ मुलगे आहेत, तिघांची समिती करायची आहे, त्यात एक अध्यक्ष आणि दोन सभासद, आणि अध्यक्ष मुलगी हवी. इथे ३ × ३६ = १०८ अगदी बरोबर. कारण क अध्यक्ष आणि ख सभासद ही समिती, आणि ख अध्यक्ष आणि क सभासद ही समिती, खरोखरच वेगळ्या आहेत. पण मग खालचा आकडाही त्याच पद्धतीने मोजावा लागतो: अध्यक्ष १० पैकी कुणीही, सभासद उरलेल्या ९ मधून २, म्हणजे १० × ३६ = ३६०. संभाव्यता १०८/३६० = ३/१०. आपण शनिवारी वर जागा धरून मोजलं आणि खाली जागा न धरता. वर-खाली एकच माप वापरायला हवं होतं.

म्हणून गणित वाचताना मी आता एकच प्रश्न विचारते: मी ज्याला "पहिला" म्हणतेय तो निकाल पाहणाऱ्याला ओळखता येईल का? अध्यक्ष ओळखता येतो. पिशवीतल्या दोन खराब बल्बांतला मी "पहिला" धरलेला कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही.

वहीतली आणखी दोन गणितं

एक पत्त्यांचं. ५२ पानांतून ५ काढली, किमान एक एक्का असण्याची संभाव्यता. आपण ४ × C(५१, ४) = ९,९९,६०० धरून सुमारे ०.३८५ लिहिलंय. एकही एक्का नसण्याच्या रीती C(४८, ५) = १७,१२,३०४, एकूण C(५२, ५) = २५,९८,९६०. म्हणून बरोबर रीती ८,८६,६५६ आणि संभाव्यता सुमारे ०.३४१. इथे फरक कमी आहे, कारण पाच पानांत दोन एक्के येणं तसं विरळ, म्हणून दोनदा मोजलेल्या निवडीही थोड्याच. उत्तराकडे बघून अशी चूक कधीच पकडता येणार नाही.

दुसरं बल्बांचंच, "किमान दोन खराब". हे जास्त फसवं आहे. आपण C(३, २) × ८ = २४ धरून २४/१२० = १/५ लिहिलंय. फोड करा: नेमके दोन २१, तिन्ही १, एकूण २२. उत्तर ११/६०. जास्तीचे २ कुठून आले ते तुम्हीच शोधा. क, ख, ग या एकाच निवडीवर बोट ठेवा आणि आपल्या रीतीत ती किती जोड्यांतून येते ते मोजा. आणि इथे उलट बाजू घ्यायची असेल तर "एकही नाही" एवढं वजा करून भागत नाही, "नेमका एक" सुद्धा वजा करावा लागतो: १२० − ३५ − ६३ = २२.

बुधवारी भेटू तेव्हा पुढचा धडा सुरू करण्याआधी एवढं करू या: प्रत्येकाने गणित आपापल्या वहीत, कुणाचं न बघता सोडवायचं, फळ्यावर काही लिहायचं नाही. चौघांचं झालं की आधी रीत कुठली वापरली ते सांगायचं, मग उत्तर. दोघांची रीत वेगळी आणि उत्तर एक असेल तरच रेघा मारायच्या. सगळ्यांची रीत एकच निघाली तर एकाने दुसऱ्या वाटेने पुन्हा करायचं. पहिल्या दिवशी ते मी करते.

आणि वहीतलं ९/१० खोडू नका. त्याच्या बाजूला लिहा: "एका पिशवीतल्या खराब बल्बांची सरासरी." खाली १७/२४ लिहा, आणि मधल्या जागेत ६३ + २१ + १.